१६ ऑगस्टला नवा काटा चालू होतोय. त्याआधी कोण काय शिकणार, आणि शिकलंय हे कसं ओळखणार



१६ जूनपासून जाळी वर गेली आहेत. आपल्या मध्यप्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा मासेमारी बंदचा काळ. नदी-नाल्याशी जोडणी नसलेली छोटी तळी सोडली तर बाकी सगळीकडे माशांच्या विणीसाठी पाणी मोकळं सोडायचं. आपले बरेच जण या दोन महिन्यांत पॉवरलूमवर जातात, कोणी केळीच्या गाड्या भरायला जातात. पण समितीसाठी हाच काळ सोयीचा आहे. १६ ऑगस्टला पहिला मासा काठावर येईल तेव्हा तो जुन्या वहीत नाही, नव्या पद्धतीने लिहिला जाणार. इलेक्ट्रॉनिक काटा, मोबाईलवर नोंद आणि सभासदाच्या हातात छापील पावती, असं ते होईल.

"काटा तर आला, मग आजच चालू का नाही करत?" असं काही जणांनी विचारलं. काटा आणणं सोपं होतं. त्याच्यासमोर उभी राहणारी माणसं तयार करायची आहेत, म्हणून दोन महिने लागताहेत. ती तयारी कशी चाललीय, ते या लेखात सविस्तर सांगतो.

आधी एक गोष्ट. प्रशिक्षण म्हटलं की सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवायचं, पडद्यावर मोबाईल दाखवायचा, चहा-बिस्कीट, फोटो आणि संपलं. आम्ही तसं करणार नाही, कारण या पद्धतीत तीन वेगळी माणसं तीन वेगळी कामं करतात. काट्यावर तोलणारे चौघे आहेत. मोबाईलवर नोंद करणारे मुनीमजी आणि त्यांच्या मदतीला दोन मुलं आहेत. आणि साठेक सभासद आहेत, ज्यांना बटण दाबायचं नाही, पण पावती वाचता आली पाहिजे. तोलणाऱ्याला ॲप शिकवून उपयोग नाही, आणि सभासदाला काट्याची बटणं पाठ करायला लावणं म्हणजे त्याची संध्याकाळ वाया घालवणं.

यातलं सर्वांत अवघड काम तोलणाऱ्यांचं. म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करू.

जुन्या काट्यावर टोपली एका बाजूला आणि वजनं दुसऱ्या बाजूला असायची, सगळं डोळ्यासमोर. नव्या काट्यावर क्रेटचं वजन काटा स्वतः वजा करतो, पण आपण सांगितलं तरच. रिकामी क्रेट ठेवायची, TARE बटण दाबायचं, आकडा 0.00 होतो, मग मासा भरायचा. ऐकायला सोपं आहे. पण आपल्याकडे दोन तऱ्हेच्या क्रेट आहेत. निळी रिकामी १ किलो ८०० ग्रॅमची, पांढरी २ किलो ४०० ग्रॅमची. समजा पांढरी क्रेट ठेवून TARE केलं आणि पुढे घाईत मासा निळ्या क्रेटमध्ये आला. काटा २.४० वजा करतो, क्रेट मात्र १.८० ची आहे. म्हणजे दर तोलाला सभासदाचा ६०० ग्रॅम मासा गायब. वीस तोल असे झाले तर १२ किलो. हिशेबासाठी भाव १२० रुपये किलो धरा, तर एका सकाळी १,४४० रुपये सभासदाच्या खिशातून गेले. काट्यात बिघाड नाही, कोणाची नियत वाईट नाही, तरीही पैसे गेले. उलट निळ्या क्रेटवर TARE करून पांढऱ्यात तोललं तर तेवढंच नुकसान समितीचं.

हे ओळखायचं कसं? भरलेली क्रेट उचलली की काट्यावर उणे आकडा दिसतो. निळीसाठी -1.80 दिसला पाहिजे, पांढरीसाठी -2.40. प्रत्येक क्रेटच्या बाजूला तिचं वजन पेंटने लिहायचं काम आम्ही जूनमध्येच करतोय. तोलणाऱ्याने क्रेट उचलल्यावर काट्यावरचा उणे आकडा आणि क्रेटवर लिहिलेला आकडा जुळतो का, एवढंच बघायचं. ओल्या क्रेटला थोडं पाणी चिकटतं, त्यामुळे पाच-दहा ग्रॅम इकडे-तिकडे होतील, पण सहाशे ग्रॅमचा फरक कोणालाही दिसतो.

हा उणे आकडा नव्या माणसाला घाबरवतो, हेही आधीच सांगून ठेवायला हवं. उणे दिसलं की "काटा बिघडला" म्हणून तो बंद करून पुन्हा चालू करतो. तसं केलं की घेतलेली टेअर पुसली जाते, आणि पुढची पूर्ण क्रेट माशाच्या वजनात धरली जाते. म्हणून चौघांच्या सरावात हा प्रसंग मुद्दाम घडवून आणणार आहोत. मधेच काट्याची वायर काढायची आणि बघायचं की माणूस परत TARE करतो की नाही.

आता अडचण अशी की बंदच्या काळात सरावाला मासा आणायचा कुठून? आम्ही पाण्याच्या कॅनवर भागवतोय. एक लिटर पाणी म्हणजे जवळपास एक किलो. पाच, दहा आणि दोन लिटरचे कॅन भरून ठेवायचे, आणि प्रत्येकाला माशाच्या फोटोचं कार्ड बांधायचं. कतला, रोहू, मृगळ, शिवडा, मरळ, तिलापिया, बारीक मासा. रिकाम्या कॅनचंही वजन असतं, म्हणून भरलेला प्रत्येक कॅन आम्ही आधीच तोलून खरा आकडा एका कागदावर लिहून ठेवलाय. तो कागद परीक्षकाकडे राहील. पाण्याचा आणखी एक फायदा आहे. हात ओले राहतात. कोरड्या हाताने शिकलेला माणूस पहाटे ओल्या बोटांनी मोबाईलच्या पडद्यावर बोट लावतो तेव्हा दुसरंच बटण दाबलं जातं. त्यामुळे नोंद करणाऱ्यांचा सरावही ओल्या हाताने होईल, बाजूला कोरडं फडकं ठेवून. हात पुसून मगच स्क्रीनला बोट लावायचं, ही सवय तिथेच लागली पाहिजे.

काटा उघडायचा नाही, सील तोडायचं नाही, हेही त्याच दिवशी सांगणार. व्यापारासाठीच्या काट्याची नापतौल विभागाकडून पडताळणी करून घ्यावी लागते, इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी. सील तुटलं की ती पडताळणी गेली. स्क्रू आवळायचा असला तरी समितीला कळवा.

आता आकड्यांची गोष्ट. ही आम्हाला सगळ्यात जास्त काळजीची वाटते, कारण ती तिन्ही गटांना लागू आहे.

आपल्यातली बरीच वडीलधारी मंडळी देवनागरी आकडे शिकलेली आहेत. जुनी वहीही त्याच आकड्यांत आहे. काट्यावर आणि पावतीवर मात्र इंग्रजी आकडे येतात. त्यांतला 9 आपल्या १ सारखा दिसतो. काट्याच्या आकड्यात तर काड्या जोडून अक्षर बनतं, त्यामुळे अंधारात चूक आणखी सोपी. ९ किलोला १ किलो वाचणारे काका अडाणी नाहीत, त्यांनी जे शिकलं तेच ते वाचताहेत. म्हणून एक मोठं कार्ड छापलंय. डावीकडे काट्यावरचा आकडा, उजवीकडे आपला. ते काट्याच्या शेजारी खांबावर कायमचं लागेल. प्रशिक्षण संपलं की काढायचं नाही.

दुसरी खोच दशांश चिन्हाची. 2.05 आणि 2.5 यांना बोलताना दोन्हीकडे "दोन पाच" म्हटलं जातं. पण पहिलं म्हणजे दोन किलो पन्नास ग्रॅम, दुसरं म्हणजे अडीच किलो. १२० च्या भावाने पहिल्याचे २४६ रुपये आणि दुसऱ्याचे ३००. एका क्रेटमागे ५४ रुपयांचा फरक. यावर आम्ही एकच नियम ठेवलाय. "पॉइंट" हा शब्द काट्यावर बोलायचाच नाही. तोलणारा मोठ्याने "दोन किलो पन्नास ग्रॅम" असं पूर्ण म्हणेल, मुनीमजी तेच परत म्हणतील, मग लिहितील. सभासदाच्या कानावर दोन वेळा पडेल. थोडं हळू होईल, चालेल.

आता वेळापत्रक. बंद दोन महिन्यांचा आहे म्हणून जूनमध्येच शिकवून मोकळं व्हावं असं वाटणं साहजिक आहे. पण हातात काम नसताना शिकलेलं दीड महिन्यात विसरतं. याचं एक जगजाहीर उदाहरण लंडनच्या रुग्णवाहिका सेवेचं. २६ ऑक्टोबर १९९२ ला त्यांनी गाड्या पाठवण्याची नवी संगणक पद्धत चालू केली आणि ती दीड-दोन दिवसांत कोलमडली. गाड्या वेळेवर पोहोचेनात. नंतरच्या चौकशीत बरीच कारणं निघाली. संगणकाचे दोष त्यांत होतेच. पण शिकवणीबद्दल दोन गोष्टी होत्या. पद्धत चालू करायची तारीख पुढे पुढे गेली, आणि बऱ्याच लोकांचं प्रशिक्षण कधीच होऊन विसरूनही गेलं होतं. शिवाय नियंत्रण कक्षातले आणि गाडीवरचे यांना वेगवेगळं शिकवलं होतं, एकत्र सराव झाला नव्हता. आपला काटा त्यापुढे लहान आहे, पण या दोन्ही गोष्टी आपल्यालाही तशाच लागू पडतात.

म्हणून असं ठरलंय. १५ जुलैपर्यंत शिकवणी नाही, फक्त कागदपत्र आणि साहित्य. सभासदांची नावं, बँक खाती, क्रेटवरचे आकडे, फोटोकार्ड. नाव तपासताना आधारवर जसं आहे तसंच घेतोय, "दादा", "भाऊ" काढून. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तोलणारे आणि नोंद करणारे, रोज संध्याकाळी सव्वा तास, पाच दिवस. पहिले तीन दिवस वेगळे, शेवटचे दोन एकत्र, एकच काटा आणि एकच मोबाईल मध्ये ठेवून. १ ते ७ ऑगस्ट सभासदांची शिकवणी, प्रत्येक वस्तीवर जाऊन, बारा-बारा जणांचे गट, एका गटाला एकच संध्याकाळ. मजुरी सुटल्यावर सहा वाजता सुरू, सव्वासातला मोकळे. आठवडी बाजाराच्या दिवशी बैठक नाही. ९ ऑगस्टला आदिवासी दिवस आहे, आपले अनेक सभासद त्या कार्यक्रमांना जातात, तो दिवस मोकळा. १० ते १२ तपासणी. १३ ला पूर्ण रंगीत तालीम, पहाटे पाच वाजता, खऱ्या जागी, खऱ्या अंधारात. १४ ला निर्णय.

शिकवताना एक शिस्त शिकवणाऱ्याला आहे. मोबाईलला त्याने हात लावायचा नाही. कोणी अडकलं की "दे इकडे, मी करून देतो" हा आपल्या सगळ्यांचा स्वभाव. त्याने काम होतं, माणूस शिकत नाही. हात मागे बांधून तोंडाने सांगायचं, आणि आधी दहा सेकंद गप्प बसायचं.

आता तपासणी. "समजलं का?" विचारलं की सगळे "हो" म्हणतात, म्हणून तो प्रश्नच विचारणार नाही. करून दाखवायला लावणार.

तोलणाऱ्याला दहा कॅन दिले जातील, दोन्ही रंगांच्या क्रेटमध्ये मिसळून. मधेच एकदा वीज जाईल. परीक्षकाकडच्या आकड्याशी दहापैकी नऊ जुळले पाहिजेत, आणि टेअरची चूक एकही चालणार नाही. कारण आकडा ऐकण्याची चूक एका तोलापुरती असते, पण टेअरची चूक पुढच्या प्रत्येक तोलात चालत राहते. समजा एकाचे आठ जुळले. एक चूक वीज गेल्यानंतर टेअर न केल्याची, दुसरी 9 ला 7 वाचल्याची. त्याला पुन्हा सगळा अभ्यास नको. वीस मिनिटं फक्त वीज घालवून-आणून सराव, पाच मिनिटं आकड्याचं कार्ड, आणि दुसऱ्या दिवशी नवे दहा कॅन. तेच कॅन दिले तर तो आकडे पाठ करून येईल. जो पास होत नाही त्याचा रोज कापला जाणार नाही. तो पास झालेल्याच्या शेजारी उभा राहील, एवढंच.

नोंद करणाऱ्यांची तपासणी वेगळी. त्यांना दहा नोंदी करायच्या आहेत. त्यांत एकदा नेट बंद केलं जाईल. ॲप नेट नसताना नोंद मोबाईलमध्येच ठेवतं आणि नंतर पाठवतं. पण पडदा फिरत राहिला की माणूस Save पुन्हा दाबतो, आणि एकाच माशाच्या दोन पावत्या तयार होतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. एकच सभासद, एकच वजन आणि लागोपाठचे पावती क्रमांक दिसले की समजावं. तशी दुबार नोंद शोधून रद्द करता आली आणि रद्द करण्याचं कारण लिहिलं, तरच पास.

सभासदांची तपासणी पाच मिनिटांची. हातात तीन पावत्या मिळतील, त्यांतली एक चुकीची. समजा रोहू ४ किलो २०० ग्रॅम, भाव १२०, रक्कम ५०४ बरोबर आहे, पण दुसऱ्या पावतीवर मरळच्या जागी बारीक मासा लिहिलाय. जात बदलली की भाव बदलतो. चुकीची पावती बोट ठेवून दाखवता आली की झालं. वाचता न येणाऱ्यांसाठी पावतीवर माशाचं छोटं चित्र छापायला सांगितलंय. मावशी, काकी, ज्या मासा विकायला बसतात, त्यांनाही यात धरलंय, नावावर सभासदत्व असो की नसो. पावती घरी त्याच सांभाळतात. या पावतीची शाई उन्हात आणि घामाने उडते, म्हणून आकडा त्याच दिवशी पासबुकात उतरवायचा, हेही त्याच बैठकीत.

एक प्रश्न सर्वांना विचारणार. "समितीतून बोलतोय, काट्याच्या नोंदणीसाठी ओटीपी सांगा" असा फोन आला तर काय कराल? आपल्या काट्यासाठी सभासदाला कधीच ओटीपी लागत नाही. गोंधळ होतो कारण केंद्राच्या राष्ट्रीय मत्स्य डिजिटल प्लॅटफॉर्मवर, जो ११ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला, नोंदणी करताना मोबाईलवर ओटीपी येतो. ती नोंदणी वेगळी, तुम्ही स्वतः बसून करता ती. फोनवर मागणाऱ्याला काहीही सांगायचं नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करायची.

तपासणीतून उलट माहितीही मिळते, आणि ती आम्हाला हवीच आहे. एक माणूस एका ठिकाणी चुकला तर त्याला शिकवू. तिघेही नोंद करणारे एकाच बटणावर चुकत असतील तर दोष त्या पडद्याचा आहे. तेव्हा ॲप बनवणाऱ्याला बटण मोठं करायला किंवा हलवायला सांगायचं. वाईट पडद्यावर शिकवणीचा मुलामा टिकत नाही, पहिल्या गर्दीच्या सकाळी तो उडतो.

१४ ऑगस्टचा निर्णय कोण घेणार? समितीचे पदाधिकारी नाही, काटा विकणारा तर नाहीच. आपल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्याने हे आधी पाहिलेलं आहे. जुलै २०२२ मध्ये आपला जिल्हा देशातला पहिला प्रमाणित 'हर घर जल' जिल्हा झाला. नळ बसवणाऱ्यांनी काम झालं म्हटलं, एवढ्यावर ते थांबलं नाही, गावोगावच्या ग्रामसभांनी ठराव करून पाणी येतंय हे सांगितलं. तसंच इथे. तोलणाऱ्यांतले किमान तीन, नोंद करणाऱ्यांतले किमान दोन आणि सभासदांतले निम्म्याहून जास्त पास असतील, तर बैठकीत हात वर करून ठरेल. नसतील तर १६ ऑगस्टला मासा जुन्या वहीतच लिहिला जाईल आणि तारीख आठ दिवस पुढे जाईल. तारीख गेली तर तपासणी पुन्हा, लंडनवाल्यांसारखं जुन्या शिकवणीवर नाही.

आणि चालू झाल्यावरही पहिले पंधरा दिवस वही सोबत राहील. प्रत्येक तोल दोन्हीकडे. रात्री दोन्हींची बेरीज जुळवायची. दिवसभरात अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक आला तर दुसऱ्या सकाळी तोल सुरू होण्याआधी कारण शोधायचं. फरक १.८० किंवा २.४० च्या पटीत असेल तर कोणीतरी टेअर विसरलंय. ०.६० च्या पटीत असेल तर क्रेटचा रंग बदललाय. फरक एखाद्या पूर्ण तोलाएवढाच असेल तर Save दोनदा दाबलंय.

३१ ऑगस्टला चौघा तोलणाऱ्यांची पुन्हा तपासणी, या वेळी खऱ्या माशावर. वही त्यानंतरच बंद होईल.

वस्तीनिहाय बैठकीच्या तारखा २५ जुलैला इथेच टाकू. येताना मागच्या हंगामातली एखादी जुनी चिठ्ठी घेऊन या. तिच्यावरचाच हिशेब नव्या पावतीच्या पद्धतीने मांडून दाखवू. ज्यांची बँक खात्याची झेरॉक्स अजून आली नाही त्यांनी १५ जुलैच्या आत समितीत द्यावी.